पठाराकडे

१४ जानेवारी. प्रयागराज सोडल्यावर यमुनेच्या पलीकडे बराच वेळ सपाट, फिकट पिवळसर गाळाची जमीन होती आणि हिरव्या गव्हामधून फुललेल्या मोहरीचे पट्टे सरकत होते. माणिकपूरजवळ विंध्याचा वालुकाश्म वर आला, शेते आक्रसली, माती तांबूस व खडकाळ झाली.

नर्मदेचे खोरे लागले तेव्हा माती काळीभोर झाली होती. सिग्नलसाठी गाडी थांबली असता रुळांलगतच्या हरभऱ्यात बोटभर रुंद भेगा स्पष्ट दिसल्या. बेसाल्ट झिजून बनलेली ही चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि सुकली की उलते, पण खोलवर ओल धरून ठेवते, म्हणूनच पावसाविनाही हरभरा तग धरतो. मला हीच जमीन सर्वांत देखणी वाटते. बुऱ्हाणपुरानंतर केळीच्या बागा सुरू झाल्या.