श्रद्धाच्या एमएस्सीची फी: इंग्रजी तक्त्याचा मराठी तपशील

काका, नमस्कार. तुम्ही तासगावहून पाठवलेल्या फोटोतला तक्ता पूर्ण वाचला. तिथं सगळं एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिलंय, म्हणून 30,700 चा आकडा अंगावर येतो. खरं तर त्यातले 26,400 च दरवर्षीचे.

दरवर्षी: शिक्षण शुल्क 24,000 (दोन सत्रांत 12,000 प्रमाणे) आणि परीक्षा शुल्क 2,400.

परत मिळणारी अनामत: ग्रंथालय 1,000, प्रयोगशाळा 2,000. प्रयोगशाळेच्या आकड्यावर ट्यूबलाइटची चमक पडलीय, तो 7,000 वाटतो; पण खालची बेरीज 2,000 धरली तरच जुळते. कोर्स संपल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला जोडून अर्ज केला की हे 3,000 मिळतील. पुस्तक हरवलं किंवा काचसामान फुटलं तर त्यातून कापतील. मूळ पावती फाइलला लावून ठेवा, नंतर तीच मागतात.

फक्त एकदाच, परत न मिळणारे: प्रवेश 500, नोंदणी 250, पात्रता 400, ओळखपत्र 150. एकूण 1,300.

म्हणजे पुढच्या वर्षी, दर तेच राहिले तर, 26,400 च. बेदाण्याचे पैसे सगळे आत्ताच अडकवू नका. पहिला हप्ता म्हणून एका सत्राचे 12,000 आणि शिक्षण शुल्क सोडून बाकीचे 6,700, असे एकूण 18,700 घेतात, असं तळटीपेत आहे.

वसतिगृह या तक्त्यात धरलेलं नाही. त्याचा वेगळा कागद श्रद्धाला खिडकीवरून आणायला सांगा, आणि फोटो जरा उजेडात काढायला सांगा. रात्री फोन करते.