न थांबता रंकाळ्याची फेरी!

आज सकाळी रंकाळ्याची पूर्ण फेरी पळत झाली, एकदाही न थांबता! आठ महिन्यांपूर्वी शालिनी पॅलेसपासून संध्यामठापर्यंत चालतानाही धाप लागायची. डॉक्टरांना विचारून सुरुवात केली: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पावसाळ्यात गुडघा दुखला, तेव्हा तीन आठवडे सरळ विश्रांती घेतली. पावडर नाही, उपाशी राहणं नाही. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा तसाच आहे. वजन किती उतरलं विचारू नका, मी मोजतच नाही. आईकडचे तीन मजले चढून गेल्या गेल्या तिच्याशी बोलता येतं, याचंच मला अप्रूप. शेवटच्या वळणावर रोज दिसणारे काका ओरडले, "पळ पोरी, आलंच!" डोळे भरून आले. उद्या सुट्टी. परवा सहाला कुणी नुसतं चालायला आलं तरी सोबत जाऊ.