हाफटाइमला शाहू स्टेडियमच्या पायरीवर

(कोल्हापूर, राजर्षी शाहू स्टेडियम. लीगची मॅच, हाफटाइम, स्कोअर शून्य-शून्य. विलास आणि सुभाष, दोघंही साठी ओलांडलेले, एकेकाळी एकाच तालमीकडून खेळलेले. विलास स्टॉपर, सुभाष लेफ्ट आउट. दोघांमध्ये शेंगदाण्याची पुडी.)

सुभाष : बघिटलास? गोलकीपरपासनं पास करत पोरं पार डीच्या तोंडापर्यंत आली. हे बार्सिलोनानं शिकवलं बघ सगळ्या जगाला.

विलास : आणि डीच्या तोंडाला बॉल घालवला, ते न्हाई सांगितलंस.

सुभाष : घालवला, पण खेळ बघ की. मी तर म्हणतो, 2008 ते 2012 या चार वर्षांत जे फुटबॉल झालं, तसं आधी कधी झालंच न्हाई. बार्सिलोना आणि स्पेन, दोन टीमा, पण डोकं एकच.

विलास : चार वर्षं? लेका, 1970 च्या ब्राझीलला सहा मॅच पुरल्या. सहाच्या सहा जिंकल्या आणि फायनलला इटलीला चार-एक.

सुभाष : ती मॅच तू बघिटलीस कवा? तवा आपण दहा वर्षाची पोरं, आणि पेठेत टीव्ही कुठं होता?

विलास : गेल्या दिवाळीत नातवानं लावून दिली, अख्खी. चौथा गोल मी सात-आठ वेळा मागं घेऊन बघिटला. तो क्लोदोआल्दो आपल्याच हाफमध्ये एकामागनं एक चार इटालियनांना चुकवतोय. मग रिव्हेलिनो, मग लाइनीनं लांब बॉल जैरझिन्होला. आता जैरझिन्हो म्हणजे राइटचा माणूस. तो लेफ्टला काय करालाय?

सुभाष : फाकेत्तीला ओढून नेला त्यानं.

विलास : बरोब्बर! इटलीवाले माणसाला माणूस धरायचे. फाकेत्ती त्याच्या मागं मागं गेला आणि ती सगळी बाजू मोकळी. पेलेला बॉल मिळाला, त्यानं मान वर करून बघिटलं पण न्हाई, नुसता उजवीकडं सरकवला. कुणाला? तिथं कोणच न्हवतं! आणि मागनं कार्लोस आल्बेर्तो आला, राइट बॅक, शहाऐंशीव्या मिनिटाला, धावत्या पायानं. मी स्टॉपर होतो, सुभ्या. तो गोल बघून मला वाटलं, आपण त्या इटलीत असतो तर आपण पण फसलो असतो.

सुभाष : गोल भारीच, त्यात वाद न्हाई. पण समोरची इटली कसली होती ते पण सांग. चारच दिवस आधी जर्मनीबरोबर एक्स्ट्रा टाइम खेळून आलेली, चार-तीन. त्यात मेक्सिको सिटी, सात हजार फुटांच्या वर, मॅच भर दुपारी बाराला. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे पाय उचलत न्हवते.

विलास : ब्राझीलवाले काय सावलीत खेळत होते व्हय?

सुभाष : तसं न्हवं मर्दा. जेर्सनला मिडफिल्डला बॉल घेऊन, वळून, बघून पास द्यायला वेळ मिळत होता. बार्सिलोनासमोर कुणाला दोन सेकंद मिळाले का? बॉल गेला की तिघं अंगावर. आणि आपल्याकडं असला की झावी मान फिरवत राहायचा, डावीकडं, उजवीकडं, बॉल यायच्या आधीच. 2011 ची वेम्बलीची फायनल आठव. पेद्रो, मेस्सी, व्हिया. मॅन युनायटेडसारखी टीम तीन-एकनं गेली. आपल्याला असं कुणी धुतलं न्हवतं, हे फर्ग्युसननं स्वतः कबूल केलं.

विलास : मला ती टीम आवडत न्हाई असं न्हाई. पण पास, पास, पास. मध्येच डोळा लागतो.

सुभाष : डोळा लागतो? माद्रिदला पाच-शून्य मारलं तवा माझ्या घरात बसून ओरडत होतास, शेजारी उठले होते!

विलास : ते... ती मॅच वेगळी.

सुभाष : बरं, स्टॉपरच्या भाषेत बोलतो. बरेसी.

विलास : (हातातले शेंगदाणे तसेच) बरेसीचं नाव काढलंस.

सुभाष : 1989. मिलाननं सॅन सिरोवर माद्रिदला पाच घातले, फायनलला स्टेआवाला चार. ते काय सत्तरचं फुटबॉल होतं?

विलास : तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बरेसी, माल्दिनी. चौघं एका दोरीला बांधल्यागत पुढं यायचे. पण एक गोष्ट ध्यानात घे. तवा फॉरवर्ड शेवटच्या बॅकच्या बरोबरीत असला तरी ऑफसाइड असायचा. 1990 ला तो नियम बदलला. दोन वर्षांनी गोलकीपरला बॅकपास हातात घ्यायची पण बंदी आली. त्या आधीच्या टीमा आणि नंतरच्या टीमा एका तराजूत घालून चालत न्हाई.

सुभाष : मग तर माझंच खरं. नंतरच्या गोलकीपरला पायानं खेळायला लागलं, बॅकला पास शिकायला लागलं. अवघड फुटबॉल कुठलं?

विलास : (थोडा वेळ गप्प) अवघड म्हणजे भारी न्हवं. माझं मोजमाप वेगळं हाय. 1967 ची सेल्टिक. लिस्बनला इंटरला दोन-एकनं हरवून युरोपियन कप नेला. अकराच्या अकरा पोरं आपल्या ग्राउंडपासनं तीस मैलांच्या आत जन्मलेली. तीस मैल, सुभ्या! म्हणजे कागल, इचलकरंजी, पन्हाळा, एवढ्यातच. अशी टीम युरोप जिंकते, त्याला मी भारी म्हणतो. आता इथं बघ, आपल्या लीगमध्येच सगळ्या टीमा बाहेरचे खेळाडू आणालेत. आपल्या वेळी पेठ खेळायची. राइट बॅक कुठं पास देणार हे मला कळायचं, कारण सकाळी एकाच नळाला पाणी भरायचो आम्ही.

सुभाष : मग वेम्बलीची बार्सिलोना मोज. वाल्देस, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता, मेस्सी, पेद्रो. अकरातले सात त्यांच्याच अकॅडमीतनं आलेले. पैशाचा काळ असून सात जण घरचे!

विलास : मेस्सी घरचा? तो रोसारिओचा. अर्जेंटिनाचा.

सुभाष : तेरा वर्षाचा असताना आला तो.

विलास : आला न्हवं? बाहेरनंच आला.

सुभाष : विल्या, मी गडहिंग्लजहून आलो तवा किती वर्षाचा होतो?

(विलास मैदानाकडे बघतो. खालच्या पायऱ्यांवर पोरं झेंडा उलगडत असतात.)

विलास : तेरा.

सुभाष : मग? मी पेठेचा का बाहेरचा?

विलास : काय विचारालाईस लेका. त्रेपन्न वर्षं झाली. तू पेठेचा.

सुभाष : मग मेस्सी पण बार्सिलोनाचा.

विलास : ...बरं. बार्सिलोनाचा.

सुभाष : आणि ती टीम...?

विलास : ती टीम भारी. हे मी म्हणतो. पण सत्तरच्या ब्राझीलबरोबर मॅच लावलीस तर बुस्केट्सच्या मागं तोस्ताओ उतरणार, आणि पिकेला कळणार न्हाई, सोडू का धरू. तिथंच गोल.

सुभाष : बॉल मिळाला तर न्हवं!

विलास : एकदा मिळाला तरी बास. आज रात्री घरी ये. आधी सत्तरची लावू, मग तुझी 2011 ची. दोन्ही पूर्ण बघायच्या, मध्ये उठायचं न्हाई.

सुभाष : येतो. पण आधी माझी.

विलास : आधी सत्तर! वयानं मोठी हाय ती.

(शिट्टी वाजते.)

सुभाष : सरक तिकडं. तो लेफ्ट आउटचा पोरगा बघ, पहिल्या हाफला एकदा पण आत आला न्हाई. आता येतोय का बघू.