एपिडेमिऑलॉजी: अभ्यासाचे प्रकार, जोखमीची मापं आणि बायस (इंटर्नलच्या आदल्या रात्रीच्या नोट्स)

सोमवारच्या पीएसएम इंटर्नलसाठी ज्युनियर्सनी मागितल्या म्हणून या नोट्स. धडा एकदाही वाचला नसेल तर या पुरणार नाहीत. वाचून डोक्यात गिचमिड झाली असेल तर उपयोगी पडतील.

हा अख्खा धडा मला एका प्रश्नावर उभा दिसतो: संशोधकाने सुरुवात कुठून केली? आजार झालेल्यांपासून, कारणाशी संबंध आलेल्यांपासून, की दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मोजल्या? एवढं ओळखलं की कुठलं माप काढता येईल आणि कुठला बायस घुसेल हे बरंचसं आपोआप सुचतं. पाठांतर निम्म्यावर येतं.

अभ्यासाचे प्रकार

केस सिरीज: तुलनेला दुसरा गटच नाही, त्यामुळे जोखीम काढता येत नाही. पण धोक्याची घंटा अनेकदा इथेच वाजते. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण, एरवी धडधाकट पुरुषांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया झाल्याची छोटी नोंद अमेरिकेच्या सीडीसीने जून १९८१ मध्ये छापली. पुढे ज्याला एड्स म्हणू लागलो, त्याची ही पहिली छापील नोंद.

इकॉलॉजिकल: इथे मोजमापाचं एकक माणूस नसून जिल्हा किंवा देश असतो. ज्या देशांत चॉकलेट जास्त खपतं तिथे लोकसंख्येच्या मानाने नोबेल विजेते जास्त, असा आलेख २०१२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. नोबेल मिळालेल्या माणसाने स्वतः चॉकलेट खाल्लं होतं का, हे त्या आलेखात कुठेच नाही. गटाचं सत्य माणसावर लादणं म्हणजे इकॉलॉजिकल फॅलसी.

क्रॉस-सेक्शनल: एका वेळचा फोटो. आजार किती पसरलाय ते कळतं, आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. उदाहरण आपल्याच गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. त्यांतल्या जेमतेम ८ टक्क्यांची आधी कधी अशी तपासणी झालेली होती. दवाखान्याच्या केसपेपरवरून हा आकडा कधीच बाहेर आला नसता. प्रिव्हलन्स मोजायला लोकांच्या दारात का जावं लागतं, या प्रश्नाला हे एक उदाहरण पुरतं.

केस-कंट्रोल: सुरुवात आजारापासून, मग मागे वळून पाहायचं. दुर्मिळ आजाराला हाच उपाय. १९७१ साली बोस्टनमध्ये आठ तरुण मुलींना योनिमार्गाचा अतिशय दुर्मिळ कॅन्सर झालेला आढळला. प्रत्येकीमागे चार, अशा ३२ निरोगी मुली कंट्रोल म्हणून घेतल्या. आठपैकी सात मुलींच्या आयांनी गरोदरपणी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल घेतलं होतं. कंट्रोलच्या ३२ आयांपैकी एकीनेही नाही. एकूण चाळीस जणींचा अभ्यास! याच प्रश्नासाठी कोहोर्ट करायला बसले असते तर हजारो गरोदर बायका आणि वीस वर्षं लागली असती.

कोहोर्ट: सुरुवात कारणापासून, पुढे चालत जायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांचा मागोवा सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट आधी नोंदवून मग हृदयविकार कोणाला होतो ते पाहिलं. इन्सिडन्स मिळतो, म्हणून खरा रिलेटिव्ह रिस्क मिळतो. व्हायवातला आवडता खड्डा: रेट्रोस्पेक्टिव्ह कोहोर्ट. जुन्या रजिस्टरांतून केला तरी सुरुवात कारणापासूनच होते, म्हणून तो कोहोर्टच. 'मागे पाहिलं म्हणजे केस-कंट्रोल' असं म्हणाल तर गेलात.

आरसीटी: कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठीवर सोडायचं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ ची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी लक्षात ठेवा. औषधाचा तुटवडा होता, सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं, म्हणून चिठ्ठ्यांनी वाटणी नैतिकदृष्ट्याही चालली. औषध आणि बेडरेस्ट ५५ जणांना, नुसती बेडरेस्ट ५२ जणांना. सहा महिन्यांत मृत्यू अनुक्रमे ४ आणि १४. हे आकडे खाली गणिताला लागतील.

माणसांऐवजी गावंच्या गावं चिठ्ठीने वाटली तर क्लस्टर रँडमाइज्ड. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) बार्शीच्या कॅन्सर केंद्राने गावांचे ५२ गट केले. त्यांत १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये छापून आलं.

जोखमीची मापं

आधी एक भांडण मिटवू. इन्सिडन्स म्हणजे नळातून नव्याने पडणारं पाणी, प्रिव्हलन्स म्हणजे बादलीत साठलेलं. प्रिव्हलन्स = इन्सिडन्स × आजाराचा सरासरी कालावधी. म्हणून एचआयव्हीची औषधं आल्यावर लोक जास्त जगू लागले आणि नवे रुग्ण कमी होऊनही प्रिव्हलन्स त्या प्रमाणात उतरला नाही. प्रिव्हलन्स वाढला म्हणजे परिस्थिती बिघडलीच, असं नसतं.

बाकी सगळी मापं एका लग्नाच्या पंगतीत बसवतो. आकडे मनाचे, तोंडी गणिताला सोपे जावेत म्हणून. दीडशे पाहुणे, चार तासांत उलट्या सुरू, संशय श्रीखंडावर.

| | आजारी | ठणठणीत | एकूण |
|---|---|---|---|
| श्रीखंड खाल्लं | ४० | ६० | १०० |
| खाल्लं नाही | ५ | ४५ | ५० |

अटॅक रेट: खाणाऱ्यांत ४० टक्के, न खाणाऱ्यांत १० टक्के.

रिलेटिव्ह रिस्क: ४० ÷ १० = ४. खाणाऱ्याची जोखीम चौपट. कारणाचा संबंध किती घट्ट, हे यातून कळतं.

अॅट्रिब्युटेबल रिस्क: ४० − १० = ३० टक्के. टक्केवारीत ३० ÷ ४० = ७५. खाऊन आजारी पडलेल्या ४० जणांपैकी ३० श्रीखंडामुळे. उरलेले १० तसेही पडलेच असते.

पॉप्युलेशन अॅट्रिब्युटेबल रिस्क: अख्ख्या मांडवाचा अटॅक रेट ४५ ÷ १५० = ३० टक्के. त्यातून १० वजा केले की २०; म्हणजे २० ÷ ३० = ६७ टक्के. श्रीखंड वाढलंच नसतं तर मांडवातला दोन तृतीयांश आजार टळला असता. आरोग्य अधिकाऱ्याला हा आकडा हवा असतो. डॉक्टरसमोर बसलेल्या एका पेशंटला रिलेटिव्ह रिस्क.

ऑड्स रेशो: (४० × ४५) ÷ (६० × ५) = १८०० ÷ ३०० = ६. थांबा. तीच पंगत, तेच पाहुणे, मग चार कुठे आणि सहा कुठे? आजार सर्रास असला की ऑड्स रेशो फुगतो. आजार दुर्मिळ असेल तेव्हाच तो रिलेटिव्ह रिस्कच्या जवळ जातो. केस-कंट्रोलमध्ये किती आजारी आणि किती निरोगी घ्यायचे हे आपणच ठरवतो, म्हणून इन्सिडन्स निघत नाही आणि ऑड्स रेशोवरच भागवावं लागतं. पेपरात केस-कंट्रोलची माहिती देऊन रिलेटिव्ह रिस्क विचारला तर तो सापळा आहे.

खरं उदाहरण डॉल आणि हिल यांचं, १९५०. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ६४९ पुरुष, त्यांत कधीच न ओढणारे फक्त २. तेवढेच कंट्रोल, त्यांत न ओढणारे २७. ऑड्स रेशो = (६४७ × २७) ÷ (६२२ × २) = सुमारे १४. कंट्रोलमध्येही ६२२ जण ओढणारे आहेत, हे बघा. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये सिगारेट न ओढणारा माणूस शोधावा लागायचा, म्हणून हा संबंध इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

एनएनटी: वरच्या स्ट्रेप्टोमायसिनमध्ये मृत्यू ७.३ टक्के विरुद्ध २६.९ टक्के. फरक १९.६. शंभर भागिले १९.६ म्हणजे साधारण ५. पाचेक जणांना औषध दिलं तर सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो.

बायस

सिलेक्शन बायस म्हणजे माणसं निवडतानाच चूक. १९८१ मध्ये कॉफीमुळे स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो असा निष्कर्ष गाजला. कंट्रोल कोण होते? बरेचसे त्याच पोटविकारतज्ज्ञांचे दुसरे पेशंट. म्हणजे अल्सर, जळजळ यामुळे कॉफी आधीच कमी केलेले. कंट्रोलची कॉफी कमी दिसली म्हणून केसेसची जास्त वाटली. कंट्रोल निवडताना एकच विचारायचं: याला हा आजार झाला असता तर हा माझ्या केसेसमध्ये आला असता का? आणि त्याच्या आजारामुळे त्याची सवय बदललेली नाही ना?

बर्कसन बायस याचाच भाऊ: दोन आजार असलेला माणूस एक आजार असलेल्यापेक्षा अॅडमिट होण्याची शक्यता जास्त, म्हणून वॉर्डात ते दोन आजार जोडीने दिसतात, गावात त्यांची गाठभेटही नसते.

हेल्दी वर्कर: गिरणी कामगारांचा मृत्युदर शहराच्या दरापेक्षा कमी निघाला, तर गिरणीची हवा चांगली असा अर्थ नाही. आजारी माणूस कामावर लागतच नाही किंवा नोकरी सोडतो. तुलना दुसऱ्या कामगारांशी करायची.

रिकॉल बायस: व्यंग असलेल्या बाळाची आई नऊ महिन्यांतली प्रत्येक गोळी आठवून ठेवते, निरोगी बाळाची आई 'काही विशेष नाही घेतलं' म्हणते. उपाय आठवणीवर न विसंबता एएनसी कार्ड पाहणं. इंटरव्ह्यूअर बायस मात्र आपला असतो: केस कोण ते माहीत असलं की तिला 'तंबाखू? नीट आठवा बरं' असं दोनदा विचारलं जातं. उपाय ब्लाइंडिंग.

कन्फाउंडिंग: पाचव्या बाळाला डाउन सिंड्रोमचं प्रमाण पहिल्या बाळापेक्षा जास्त दिसतं. दोष क्रमांकाचा वाटतो, पण पाचव्या खेपेची आई वयाने मोठी असते. आईच्या वयानुसार गट पाडले की क्रमांकाचा परिणाम विरून जातो. कन्फाउंडरच्या तीन अटी: कारणाशी संबंध हवा, स्वतंत्रपणे आजाराशीही हवा, आणि तो कारण ते आजार या वाटेवरची मधली पायरी नसावा. तिसरी अट सगळे विसरतात आणि एक मार्क तिथेच जातो.

लीड टाइम: दोघींना सारखाच कॅन्सर, दोघीही २०१५ मध्ये वारल्या. एकीचा स्क्रीनिंगमध्ये २००६ ला सापडला, दुसरीचा लक्षणं दिसल्यावर २०११ ला. पहिली 'नऊ वर्षं जगली', दुसरी 'चार'. प्रत्यक्षात पहिलीला फक्त पाच वर्षं आधी कळलं. म्हणून स्क्रीनिंगच्या चाचणीत निदानानंतर किती वर्षं जगले ते मोजत नाहीत, किती मेले ते मोजतात. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हातून, व्हिनेगर लावून तपासणी केली तेव्हाही मोजले ते मृत्यूच: बारा वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे ३१ टक्के कमी.