सुधारित लेखासोबतचे पत्र: ‘विहिरीच्या पाण्याची वाटणी: मावळातील एका घरचे अकरा मोडी कागद’

११ ऑगस्ट

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार वि. वि.

आपले पत्र आणि दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. सुधारित लेख सोबत जोडला आहे. हे पत्र परीक्षकांकडेही जाणार असल्याने त्यात माझे नाव घातलेले नाही. पृष्ठांक सुधारित प्रतीचे आहेत.

आधी कालनिर्णयाची चूक, कारण ती सर्वांत मोठी होती. कागद क्र. ४ वर ‘सबा सबैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन ११७७ आहे. मी सरसकट ५९९ मिळवून इ. स. १७७६ लिहिले होते. सुहूर वर्ष मृगाला पालटते, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. या कागदावर जिल्हेज महिना स्पष्ट वाचता येतो. तेव्हा तो जानेवारी १७७७ चा, शके १६९८ दुर्मुखनाम संवत्सरातला ठरतो. पहिल्या परीक्षकांनी हे दाखवले नसते तर कागद क्र. ४ आणि ५ यांचा क्रम उलटाच छापला गेला असता. अकराही तारखा नव्याने काढल्या. आणखी एक बदलली (पृ. ६), बाकीच्या बरोबर निघाल्या.

विहिरीच्या दुरुस्तीसाठी तिघा भावांनी घातलेल्या धान्याची बेरीज जुळत नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेपही खरा आहे. माझ्या वाचनात आकडे ३॥, २। आणि ४॥ मण असे होते. कागदावरची बेरीज मात्र १०॥, म्हणजे माझ्या हिशेबात पाव मण कमी पडत होता. लेखनिक चुकला असे मी तळटीपेत लिहून मोकळी झाले होते. गेल्या महिन्यात त्या घरी पुन्हा जाऊन कागद उजेडासमोर धरला. तिसऱ्या आकड्यापुढची शेवटची उभी रेघ नेमकी घडीत गेली आहे. आकडा ४॥।, म्हणजे पावणेपाच मण आहे. लेखनिकाचा हिशेब चोख होता. ती तळटीप काढली असून घडीचे मोठे छायाचित्र मोजपट्टीसह दिले आहे (पृ. ९). छायाचित्रे छापण्यास घरच्यांची लेखी संमती आहे, तिची प्रत जोडली आहे.

हेमाडपंतांनी मोडी आणली हे विधान मी वस्तुस्थिती म्हणून केले होते. आता ‘अशी परंपरा सांगते’ एवढेच ठेवले आहे. प्रस्तावना दोन पानांनी कमी केली. ‘मावळात सर्वत्र अशीच वाटणी होती’ हे समारोपातले वाक्य काढले, कारण एका घरच्या अकरा कागदांवरून तसे म्हणता येत नाही. शीर्षक आपण सुचवल्याप्रमाणे लहान केले. ‘छ.’सारख्या संक्षेपांचा खुलासा परिशिष्टात घातला आहे.

एक सूचना मात्र स्वीकारता आली नाही. लिप्यंतरातील शुद्धलेखन प्रमाण नियमांनुसार करावे, असे आपण सुचवले आहे. वाचकाला अडखळायला होते ही आपली काळजी मला मान्य आहे. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. ‘वीहीर’, ‘दील्हे’ ही त्या लिपीची रीत आहे. आपले आजचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडलेली. ते त्या लेखनिकाला लावले तर कागदाचा पुरावाच पुसला जाईल. कागद क्र. ७ मध्ये सुरुवातीपासून ‘पाणी’ आहे आणि शेवटच्या दोन ओळींत ‘पानी’. रेघेचे वळणही तिथेच बदलते. त्या दोन ओळी, ज्यांत धाकट्या भावाची पाळी आठवड्यातून एक दिवसाने कमी केली आहे, दुसऱ्या हाताने मागून लिहिल्या, हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. ‘पानी’चे ‘पाणी’ केले तर त्याला उरलेल्या दोन आधारांपैकी एक जातो.

म्हणून लिप्यंतर अक्षरशः ठेवले आहे आणि वाचकाच्या सोयीसाठी प्रत्येक कागदाखाली आजच्या मराठीत सलग अर्थ दिला आहे. शब्द मी तोडले आहेत, कारण मुळात ते सलग आहेत. तसे पृ. ४ वर नमूद केले आहे. माझ्या स्वतःच्या मजकुरात आपण प्रमाणलेखनाच्या ज्या दुरुस्त्या कराल त्या मला मान्य असतील. अवतरणचिन्हांतला मजकूर तेवढा जसाच्या तसा राहू द्यावा, ही विनंती.

सोबत स्वच्छ प्रत, बदल लाल अक्षरांत दाखवलेली प्रत आणि छायाचित्रे वेगळ्या धारिकांत आहेत. मुद्रितशोधनाच्या वेळी पृ. ९ वरच्या उभ्या रेघा पूर्णविराम समजून गाळल्या जाणार नाहीत, एवढे कृपया पाहावे.

आपली नम्र,
लेखिका