चंद्राला सावली लागते तेव्हा: टॉर्च आणि दोन चेंडूंचा खेळ

(शाळेचा हॉल, संध्याकाळी सातनंतर. मुलं पाचवी ते सातवीची, जमिनीवर बसलेली. निवेदनाला साधारण 10 मिनिटं.)

मांडणी: 15 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चेंडू ही पृथ्वी. तो करवंटीत बसवून स्टुलावर ठेवा. स्टीलचा तांब्या नको, त्याचा उजेड भलतीकडे उडतो. टेबल टेनिसचा 4 सेंटिमीटरचा चेंडू हा चंद्र. माडाच्या झावळीच्या हिराला तो चिकटपट्टीने लावा. या दोन चेंडूंचं प्रमाण खऱ्या पृथ्वी-चंद्राइतकंच आहे. टॉर्च एकाच दिव्याची घ्या. अनेक बारीक दिव्यांची असली तर सावल्याही अनेक पडतात आणि मुलं गोंधळतात. ती पृथ्वीपासून 2 मीटरवर, पुस्तकांच्या चळतीवर, चेंडूच्या मध्याच्या उंचीला ठेवा. हातात धरू नका, हात हलतो. मुलांना पृथ्वीच्या चेंडूमागे बसवा, डोकी स्टुलाच्या खाली राहतील अशी.

(दिवे बंद, खिडक्या बंद. टॉर्च चालू.)

निवेदक: मुलांनो, पौर्णिमेच्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहिलात की समोर सूर्य समुद्रात बुडतो. तेव्हा मागे वळून सह्याद्रीकडे बघितलंत तर काय दिसतं?

(उत्तर येऊ द्या.)

निवेदक: चंद्र वर येत असतो. म्हणजे एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र आणि मधे आपण. ही टॉर्च सूर्य, हा मोठा चेंडू आपण. आता चंद्र कुठे धरायचा?

(एक मुलगी हीर धरते. चंद्र पृथ्वीच्या मागे 60 सेंटिमीटरवर, पण एक वीत वर.)

निवेदक: बघा, पूर्ण उजळलाय. ही पौर्णिमा. आता बाळ, तो पृथ्वीच्या बाजूला आण, काटकोनात. अर्धा दिसतो ना? पृथ्वीची सावली कुठे पडलीय? तिकडे भिंतीवर. चंद्रावर नाहीच. म्हणजे रोजच्या कला पृथ्वीच्या सावलीने होत नाहीत. चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, आपल्याला त्यातला कधी थोडा, कधी सगळा दिसतो.

(इथे घाई करू नका. कला म्हणजे छोटं ग्रहण ही समजूत मोठ्यांमध्येही असते. हवं तर दोनदा फिरवा.)

निवेदक: आता चंद्र परत मागे आण, आणि या वेळी खाली घे. उजवीकडून डावीकडे, अगदी हळू. खरा चंद्र तासाभरात जेमतेम स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. थांब! कड बघा. डावी कड काळी झाली. ती रेघ सरळ आहे की वाकडी?

(मुलं जवळ येऊन बघतात.)

निवेदक: वाकडी, कारण सावली गोल वस्तूची आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनीही याच कडेवरून पृथ्वी गोल असल्याचं ओळखलं होतं. चल, पुढे... पूर्ण आत गेला. खग्रास.

(चंद्र तिथेच ठेवा. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटीनचे दोन थर लावून चंद्रावर बाजूने मंद उजेड टाका.)

निवेदक: खरा चंद्र असा तांबूस दिसतो. पृथ्वीभोवती हवा आहे. तिच्यातून जाताना निळा उजेड विखुरतो, आणि उरलेला लाल उजेड वाकून सावलीत शिरतो. रोज सूर्य बुडताना समुद्रावर जो तांबडा रंग दिसतो ना, तोच हा. आपल्या चेंडूला हवा नाही, म्हणून हा रंग आपण मुद्दाम दिला.

(कुणीतरी विचारतंच: मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?)

निवेदक: छान विचारलंस. मघाशी चंद्र एक वीत वर का धरला होता? चंद्राची वाट सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

(मोठ्यांसाठी: 60 सेंटिमीटरवर 5 अंश म्हणजे फक्त 5 सेंटिमीटर, तेवढ्याने चंद्र इथल्या सावलीतून सुटत नाही. मुलांना हे अंतर खोटं असल्याचं स्पष्ट सांगा. खऱ्या प्रमाणात चंद्र साधारण साडेचार मीटरवर, हॉलच्या दारापाशी हवा. तिथे 5 अंश म्हणजे जवळपास 40 सेंटिमीटर. टॉर्चची जागा तर पावणेदोन किलोमीटरवर, आणि तिची रुंदी 16 मीटर, एखाद्या माडाच्या उंचीइतकी. सूर्य इतका मोठा असल्यामुळे पृथ्वीची खरी दाट सावली मागे अरुंद होत जाते. आपल्या टॉर्चमागे ती रुंदावते, हा या खेळातला दोष आहे.)

निवेदक: चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काहीच धोका नाही, चष्मा लागत नाही. सूर्यग्रहण मात्र तसं कधीही बघायचं नाही. 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. त्या रात्री अंगणात चटई टाका, आणि आधी कोणती कड काळी होते ते बघा.

(दिवे चालू.)