दीड बोट माया

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या एका बोळात, खाली शिलाई यंत्र आणि वर माळ्यावर कापडाची बोचकी अशा दीड खोलीच्या घरात, शालन गेली 22 वर्षे ब्लाउज शिवत होती. गिऱ्हाइकांशी बोलताना तिला कधी अडचण आली नव्हती. दारात उभ्या असलेल्या बाईच्या खांद्याकडे नुसते पाहून ती ‘गेल्या खेपेपेक्षा मुंढा सैल लागंल’ असे सांगत असे, आणि ते खरे निघे. अडचण सुरू झाली ती गिऱ्हाइके दारात यायची कमी होऊन फोनच्या पडद्यावर यायला लागली तेव्हा. तेव्हापासून फोन ऋतुजाकडे असे. ती कॉलेजातून आली की खाटेवर बसून विचारायची, ‘आई, राजारामपुरीच्या बाई विचारायल्यात, कधी मिळणार?’ आणि शालन तोंडातल्या टाचण्या न काढताच उत्तर द्यायची, ‘उद्या म्हणून सांग.’ ऋतुजा तसे लिहून टाकत असे. दोन वर्षे हा व्यवहार असाच चालला, आणि त्यात काही चुकते आहे असे दोघींपैकी कोणालाच वाटले नाही.

सप्टेंबरच्या 15 तारखेपासून ऋतुजाला लक्ष्मीपुरीतल्या एका हिशेबनिसाच्या कचेरीत कामाला लागायचे होते, सकाळी 10 ते संध्याकाळी 6. तिने मैत्रिणीचा जुना फोन हप्त्याने घेतला आणि घरातला फोन 13 तारखेच्या दुपारी आईच्या यंत्राशेजारी, कैची आणि खडूच्या मधोमध आणून ठेवला.

‘आजपासून तूच उत्तरं द्यायचीस.’

‘मला न्हाई जमायचं. सातवी शिकलेली बाई मी.’

‘मापाची वही कोण लिहितं?’

याला शालनकडे उत्तर नव्हते. तिची मापवही हा त्या घरातला सर्वांत नेटका दस्तऐवज होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान; उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा अशी ठरलेली ओळ, आणि खाली बारीक अक्षरात ‘डावा खांदा उतरता’ किंवा ‘बाळंतपणानंतर पुन्हा माप घेणे’ असल्या नोंदी. अशी वही ठेवणाऱ्या बाईला चार ओळींचा निरोप लिहिता येत नाही, हे ऋतुजाला पटणे शक्य नव्हते.

तिने तयारी मात्र कचेरीच्या थाटात केली होती. तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की आधी साठवलेले अख्खे वाक्य उमटावे अशी सोय तिने फोनमध्ये करून ठेवली होती. ‘/काम’ लिहिले की पडद्यावर उमटे : ‘नमस्कार, आपली ऑर्डर प्रक्रियेत आहे.’

शालनने ते दोनदा वाचले. ‘प्रक्रियेत म्हंजे? ब्लाउज हाय का साखर कारखान्यातला ऊस?’

ऋतुजाने ते वाक्य पुसले. टंकायला वेळ लागतो म्हणून मग तिने बोलून लिहिण्याची खूण दाखवली. छोट्या माइकवर बोट ठेवायचे आणि शेजारणीशी बोलावे तसे बोलायचे. शालनने घसा खाकरला, पदर सारखा केला आणि, कोणाच्या तरी समोर उभे असल्यासारखे, मोठ्याने सांगितले, ‘तुमचा कटोरी ब्लाउज कापून ठेवलाय, काजं-हूक ऱ्हायलेत.’ पडद्यावर कचोरी ब्लाउज तयार झाला. दोघी हसल्या, पण वाचल्याशिवाय काही पाठवायचे नाही हा पहिला नियम त्या कचोरीमुळे कोणी न सांगता ठरून गेला.

दुसरा पेच व्याकरणाचा होता. पुण्याला राहणाऱ्या, महाद्वार रोडवरच्या माहेरी साडी ठेवून गेलेल्या एका नव्या गिऱ्हाइकाला शालनने स्वतःच्या हाताने पहिला निरोप पाठवला : ‘अस्तराचा रंग बघून सांगतो.’ लगेच उत्तर आले, ‘ओके दादा.’

‘दादा कोण?’ शालनने मागे वळून पाहिले.

कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. ऋतुजा आजवर आईच्या नावाने ‘सांगते’, ‘पाठवते’ असेच लिहीत आली होती. तिने सुचवले की लिहिताना तरी पुस्तकातले लिहावे. शालनने थोडा विचार केला आणि नकार दिला. ‘उद्या ती बाई दारात आली आणि मी सांगतो म्हटलो, तर फोनवर दुसरंच कोण हुतं असं वाटंल तिला.’ त्याऐवजी तिने निरोपाच्या शेवटी ‘शालनकाकू’ असे लिहायचे ठरवले, आणि दादाचा प्रश्न मिटला.

खरा प्रश्न त्यानंतर निघाला. बोट सरकवायला शिकताना शालन चुकून जुन्या निरोपांवर जाऊन पोहोचली, आणि राजारामपुरीच्या शिक्षिकाबाईंचा संवाद तिच्यासमोर पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत उघडा पडला. शेवटचा निरोप त्याच सकाळचा होता : ‘5 तारखेला उद्या. 7 तारखेला उद्या. 11 तारखेला उद्या. शालनताई, तुमचा उद्या नक्की कोणत्या तारखेला असतो?’

यंत्राच्या पायट्यावरचा तिचा पाय थांबला.

‘हे मी म्हटलोय?’

‘तूच म्हटलीस. मी फक्त लिहिलं.’

शिवणकामातला ‘उद्या’ खोटा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो दारात, हसत, चहाचा कप पुढे करून सांगितलेला असतो, ऐकणारीलाही त्याचा अर्थ दोन-चार दिवस असा कळतो, आणि ती बोळाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तो विरूनही जातो. इथे मात्र तिन्ही ‘उद्या’ आपापल्या वेळेच्या शिक्क्यासह जागच्या जागी उभे होते. शालनने आणखी वर सरकवले. शाहूपुरीच्या एकीला चार उद्या, शुक्रवार पेठेतल्या मायलेकींना मिळून सहा. ती काही बोलली नाही. तिने फोन पालथा ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली आणि सगळी कापडे जमिनीवर मांडायला सुरुवात केली.

एकूण 38 नग निघाले. घटस्थापना 26 तारखेला होती. पितृपक्षात नवे कापड घरात नको म्हणून निम्म्या बायका आधी घेऊन जायला तयार नव्हत्या, आणि अमावास्येच्या संध्याकाळी मात्र प्रत्येकीला आपला नवरात्राचा रंग हातात हवा होता. ऋतुजाने कचेरीसाठी घेतलेली नवी वही काढून हिशेब मांडला. साधे, अस्तराचे 27. कटोरीचे आणि प्रिन्सेस कटचे 11, आणि त्यांतला एकेक दीड नगाएवढा वेळ खाणारा. म्हणजे साधारण 44 नगांचे काम. रोज 5 होतात, असे शालननेच सांगितले.

‘मग नऊ दिवस. तीन दिवस मोकळे,’ ऋतुजा म्हणाली.

‘पाच न्हाई, चार धर.’

‘का? पाच होतात म्हटलीस की.’

शालनने समोरचा शिवून झालेला ब्लाउज उलटा केला आणि बगलेखालची शिवण बोटांत धरून दाखवली. शिवणीच्या आत दीड बोट कापड दुमडून राहिले होते. ‘ही माया. बाई बारीक असली तरी ठेवायची, जाड असली तरी ठेवायची. वरून दिसत न्हाई. पण उसवायची पाळी आली तर हीच कामाला येती. तुझ्या त्या तारखंला माया कुठं हाय? लाईट जाणार, सुई मोडणार, कोण तरी दुरुस्ती घिऊन दारात बसणार.’

चारच्या हिशेबाने 11 दिवस झाले आणि 12वा उरला. तो दिवस कोणालाच द्यायचा नाही, असे शालनने बजावले.

मग रात्री साडेदहापर्यंत उत्तरे चालली. ऋतुजाने फक्त जवळ बसायचे आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असे ठरले होते. ते तिने दोनदा मोडले. शिक्षिकाबाईंचे उत्तर शेवटी राहिले, कारण त्याचे शब्द शालनला सापडत नव्हते. ऋतुजाने ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ सुचवले. शालनला ते बंद पडलेल्या बसवरच्या पाटीसारखे वाटले. अखेर तिने माइक बाजूला सारला आणि एका बोटाने, मापवहीत लिहावे तसे, एकेक अक्षर शोधत लिहिले :

‘बाई, तीनदा उद्या म्हटलो ते चुकलं. ब्लाउज अजून कापलेला नाही. निरोप समारंभ 20 तारखेला आहे हे वहीत लिहिलंय. 17 तारखेला संध्याकाळी 6 नंतर या, घालून बघा, काही असलं तर तिथंच करून देतो. शालनकाकू.’

‘अजून कापलेला नाही हे कशाला सांगायचं?’ ऋतुजा म्हणाली.

‘तिला वाटतंय तयार हाय आणि मी देत न्हाई. त्यापेक्षा हे बरं.’

निरोपाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या आणि बराच वेळ काहीच आले नाही. शालनने तेवढ्यात दोन ब्लाउजांना हूक लावले. दर हुकामागे एकदा तिची नजर फोनकडे जात होती. अकराच्या सुमारास उत्तर आले : ‘बरं. 17 ला येते.’ एवढेच. त्यात राग होता की नव्हता हे कळायला मार्ग नव्हता, आणि दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसतो तसा इथे दिसत नाही, ही तिची तक्रार तेव्हापासून कायमची झाली.

पण तारखा कळल्यावर एक वेगळीच गोष्ट घडू लागली. शुक्रवार पेठेतल्या लेकीने कळवले की तिला घटस्थापनेला नकोच आहे, ललिता पंचमीला टेंबलाईच्या यात्रेला जाताना घालायचा आहे, त्यामुळे 29 पर्यंत चालेल. शाहूपुरीच्या बाईंना चारपैकी दोनच आधी हवे होते. इतके दिवस सगळ्यांनाच उद्या हवे होते, कारण सगळ्यांनाच उद्या सांगितले जात होते. एका नव्या गिऱ्हाइकाला मात्र शालनने, मनावर दगड ठेवून, ‘नवरात्राआधी जमणार नाही’ असे लिहिले आणि पाठवण्याआधी तीन वेळा वाचले. ती बाई दुसरीकडे गेली. असे होणारच होते.

शिक्षिकाबाई 17 तारखेला आल्या, ब्लाउज घालून पाहिला, बाही अर्धा बोट सैल करून घेतली आणि पैसे देऊन गेल्या. उद्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या संध्याकाळी ऋतुजा कचेरीतून निघाली तेव्हा अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी बिंदू चौक भरून गेला होता. तिने सवयीने आईला लिहिले, ‘निघालो, येतोच.’

दोन खुणा लगेच निळ्या झाल्या. वर ‘टायपिंग’ असे बराच वेळ दिसत राहिले. आई अजूनही एकाच बोटाने लिहीत होती.

‘येतोच म्हंजे किती वाजता? माया धरून सांग.’

ऋतुजाने समोरच्या गर्दीकडे पाहिले. ‘पावणेसात’ असे लिहिलेले तिने पुसले आणि ‘सव्वासात’ असे लिहून पाठवले.